तांबेरा की नुसते डाग? सोयाबीन, मोहरी आणि सूर्यफुलाच्या फोटोंतून फुलोरा व रोग कसे ओळखावेत

ऑगस्ट संपत आला की कृष्णाकाठच्या सोयाबीनचे फोटो सल्लागारांकडे येऊ लागतात आणि त्यांतले बरेचसे एकाच धाटणीचे असतात. उभ्याने, वरून, भर उन्हात काढलेले एक पान, त्यावर तपकिरी ठिपके, आणि खाली प्रश्न : हा तांबेरा आहे का? अशा फोटोवरून प्रामाणिक उत्तर देणे जवळजवळ अशक्य असते, कारण तांबेऱ्याची ओळख पटवणारी खूण पानाच्या खालच्या बाजूला असते आणि फोटो वरच्या बाजूचा असतो. शिवाय पीक कळीवर आहे, फुलावर आहे की शेंगांत दाणे भरत आहेत, हे त्या एका पानावरून कळत नाही. ते कळल्याशिवाय, रोग ओळखता आला तरी त्याबद्दल काय करावे हे सांगता येत नाही.

म्हणून फोटो वाचताना आधी पिकाची अवस्था ठरवावी आणि मग रोगाकडे वळावे, असा क्रम मी योग्य मानतो. त्याचे कारण साधे आहे. रोगाची बुरशी पानात किंवा खोडात शिरल्यानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी लक्षण डोळ्यांना दिसते. फोटोत दिसते ते आधीच घडून गेलेले असते, आणि पुढे किती वेळ हाती आहे ते पिकाच्या अवस्थेवरून समजते. सोयाबीन, मोहरी आणि सूर्यफूल या तिन्ही गळीत पिकांना हे लागू पडते, पण प्रत्येकात फुलोरा वेगळ्या जागी दिसतो आणि वेगळ्या तऱ्हेने फसवतो.

सोयाबीनचा लपलेला फुलोरा

सोयाबीनचे फूल जेमतेम सहा-सात मिलिमीटरचे, पांढरे किंवा जांभळट असते आणि पानाच्या देठाच्या बगलेत लपलेले असते. बांधावरून काढलेल्या फोटोत भर फुलोऱ्यातले सोयाबीन आणि फुले येण्याआधीचे सोयाबीन सारखेच हिरवे दिसतात. त्यामुळे अवस्था ठरवायची तर वरची पाने एका हाताने बाजूला करून मुख्य खोड उघडे पाडावे आणि फोटो बाजूने, कमरेएवढ्या उंचीवरून घ्यावा.

अवस्था मोजण्याची जी पद्धत आज सर्वत्र वापरली जाते ती फेर आणि कॅव्हिनेस यांनी १९७७ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात मांडली. तिच्यात फुलोऱ्यापासून पुढच्या अवस्थांना आर-१ ते आर-८ अशी नावे आहेत. मुख्य खोडावर कोणत्याही पेरावर एक फूल उमलले की आर-१. सगळ्यात वरच्या, पूर्ण वाढलेली पाने असलेल्या दोन पेरांपैकी एकावर फूल उमलले की आर-२, म्हणजे आपण ज्याला भर फुलोरा म्हणतो तो. पूर्ण वाढलेले पान ओळखण्याची युक्ती अशी, की त्याच्या लगेच वरच्या पानातील पर्णिकांच्या कडा आता एकमेकींना चिकटलेल्या नसतात. वरच्या चार पेरांपैकी एकावर पाच मिलिमीटरची शेंग दिसली की आर-३ आणि तीच शेंग दोन सेंटिमीटरची झाली की आर-४. शेंगेतला दाणा तीन मिलिमीटरचा झाला की आर-५, दाण्याने शेंगेतली पोकळी भरून काढली की आर-६. त्यानंतर मुख्य खोडावरची एक तरी शेंग पक्व रंगाची झाली की आर-७ आणि शंभरातल्या पंचाण्णव शेंगा तशा झाल्या की आर-८.

फोटो वाचणाऱ्याच्या दृष्टीने यातले खरे अवघड वळण आर-४ आणि आर-५ यांच्यामध्ये आहे. दोन्ही अवस्थांत शेंग बाहेरून साधारण सारखीच दिसते; फरक आतल्या दाण्यात असतो. तेव्हा वरच्या पेरावरची एक शेंग तोडून, नखाने उकलून, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो घेतला तर हा प्रश्न एका फोटोत सुटतो. आणखी एक अट विसरली जाते : शेताची अवस्था एका झाडावरून ठरत नाही. निम्म्या किंवा त्याहून अधिक झाडांनी ती अवस्था गाठलेली असावी लागते. फोटो काढणारा माणूस मात्र बहुधा सर्वांत चांगले किंवा सर्वांत वाईट झाड निवडतो, आणि दोन्हींवरून अंदाज चुकतो. शेतात तिरके चालत जाऊन आठ-दहा झाडे पाहावीत आणि त्यांतल्या मध्यम झाडाचा फोटो पाठवावा.

सोयाबीनचा तांबेरा

या रोगाची बुरशी फॅकोप्सोरा पॅकिरायझी. सांगली, कोल्हापूर, सातारा आणि सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यातला कृष्णाकाठ हा तिचा आवडता टापू आहे. बेळगाव जिल्ह्यातले उगार खुर्द हे तर तांबेऱ्याला दाद न देणारे वाण शोधण्यासाठी संशोधकांचे ठरलेले ठिकाण आहे. नदीकाठी हवेत ओलावा टिकतो आणि उन्हाळी सोयाबीनमुळे बुरशीला वर्षभर कुठे ना कुठे हिरवे पान मिळते. पान सलग सहा तास किंवा अधिक ओले राहिले आणि हवा फार तापलेली नसली, म्हणजे साधारण १८ ते २६ अंश सेल्सिअसच्या आसपास असली, की बीजाणू रुजतात. त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी फोड दिसू लागतात.

लागण फुलोऱ्याच्या सुमारास आणि नंतर का वाढते, हे झाडाच्या घडणीवरून समजते. फुलोऱ्यापर्यंत दोन ओळींमधली मोकळी जागा पानांनी झाकली जाते, खालच्या पानांपर्यंत ऊन आणि वारा पोहोचत नाही आणि सकाळचे दव तिथे उशिरापर्यंत टिकते. म्हणूनच रोगाची सुरुवात खालच्या पानांत होते आणि तो हळूहळू वर चढतो. फोटो शेंड्याच्या कोवळ्या पानाचा असेल आणि खालची पाने निरोगी असतील, तर तांबेऱ्याची शंका कमी होते.

पानाच्या वरच्या बाजूला दोन ते पाच मिलिमीटरचे, कडा शिरांनी अडवलेले, तपकिरी किंवा लालसर ठिपके दिसतात. एवढ्यावर थांबले तर ते ठिपके अर्धा डझन रोगांचे असू शकतात. पान उलटे केल्यावर मात्र त्याच ठिपक्यांच्या जागी छोटे उंचवटे दिसतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते, ज्यातून फिकट पिवळसर-तपकिरी भुकटी बाहेर पडते. तांबेरा म्हटल्यावर गव्हावरची गडद नारिंगी पूड डोळ्यांसमोर येते. सोयाबीनवरची पूड तितकी ठसठशीत नसते, आणि त्यामुळेच ती फोटोत सहज निसटते. पांढऱ्या कागदावर पानाची खालची बाजू हलक्या हाताने घासली तर कागदावर फिकट तपकिरी डाग उमटतो. त्या कागदाचाही फोटो घ्यावा. कित्येकदा पानाच्या फोटोपेक्षा तोच अधिक सांगतो.

इथे फोटोच्या तांत्रिक मर्यादेचा हिशोब मांडून ठेवावासा वाटतो. तांबेऱ्याचा एक फोड सुमारे ०.२ मिलिमीटरचा असतो. फोनमधल्या फोटोची लांबी समजा ४,००० पिक्सेल आहे. त्यात एक मीटर रुंदीचे पीक घेतले तर एका मिलिमीटरच्या वाट्याला चार पिक्सेल येतात आणि फोडाला एक पिक्सेलही मिळत नाही. कितीही मोठे करून पाहिले तरी तो दिसणार नाही. तेच पान चौकटीत दहा सेंटिमीटर भरून घेतले तर मिलिमीटरला चाळीस आणि फोडाला आठ पिक्सेल मिळतात, जे ओळखायला पुरतात. पण तोच फोटो पाठवताना आकुंचन पावून १,६०० पिक्सेलचा झाला, तर फोडाला जेमतेम तीन पिक्सेल उरतात आणि फोड, धूळ आणि लव यांतला फरक पुसला जातो. व्हॉट्सअॅपवरून पाठवायचे असेल तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, ही सूचना यासाठीच दिली जाते. पान सावलीत धरावे, फ्लॅश बंद ठेवावा, आणि दव सुकल्यावरच फोटो घ्यावा, कारण दवाचे थेंब चमकून उंचवट्यांसारखे दिसतात.

तांबेऱ्याशी सर्वांत जास्त गल्लत होते ती जिवाणूजन्य फोडांची. त्यातही पानाच्या खालच्या बाजूला उंचवटे येतात. पण त्यांच्या भोवती पिवळे वलय स्पष्ट दिसते, ते वरच्या कोवळ्या पानांवरही येतात, उंचवटा फुटला तर त्यात तडा दिसतो, गोल छिद्र दिसत नाही, आणि घासल्यावर कागदावर पूड उतरत नाही. केवडा रोगात वरच्या बाजूला फिकट पिवळे ठिपके आणि खाली करड्या बुरशीची लव असते. पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर हिरवे-पिवळे पट्टे मिसळलेले दिसतात, त्यात फोड मुळीच नसतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून पाहू. समजा वाळवा तालुक्यातल्या एका शेतातून जेएस ३३५ या वाणाचे चार फोटो आले. पेरणी २५ जूनची, फोटो २६ ऑगस्टचे, म्हणजे पीक ६२ दिवसांचे. पहिला फोटो शेताचा आहे. त्यात वरून पीक हिरवे दिसते, पण ओळींच्या तळाशी काही पाने पिवळी पडलेली आहेत. दुसऱ्या फोटोत बाजूने एक झाड दिसते. वरून तिसऱ्या पेरावर सुमारे अडीच सेंटिमीटरची शेंग आहे आणि नाण्याजवळ उकललेल्या शेंगेत दाणा अजून अगदीच बारीक, तीन मिलिमीटरच्या आत आहे. म्हणजे पीक आर-४ वर आहे. तिसरा फोटो तळाकडच्या पानाच्या वरच्या बाजूचा आहे. त्यात तपकिरी, शिरांनी मर्यादित ठिपके आहेत, पिवळे वलय नाही. चौथ्यात त्याच पानाची खालची बाजू आहे. तिथे उंचवटे दिसतात, पण छिद्रे स्पष्ट नाहीत आणि पूडही नाही.

या चौथ्या फोटोवर घाईने ‘तांबेरा’ असे उत्तर देण्यात अर्थ नाही, तसेच ‘नाही’ म्हणण्यातही नाही. रोगाची नुकती सुरुवात असेल तर फोड अजून उघडलेले नसतात. अशा वेळी त्या शेतकऱ्याला पाच-सहा ठिपकेदार पाने ओलसर कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, रात्रभर सावलीत ठेवायला सांगावे. तांबेरा असेल तर ओलाव्यामुळे सकाळपर्यंत फोडांतून पूड बाहेर येते आणि भिंगातून, किंवा फोनच्या जवळून काढलेल्या फोटोतही ती दिसते. दुसऱ्या दिवशी तसा फोटो आला, तर निदान पक्के झाले असे मानायला हरकत नाही.

आता अवस्थेचा उपयोग. आर-४ वर निदान झाले म्हणजे दाणे भरण्याचा बराचसा काळ अजून पुढे आहे, आणि या काळात पाने गळाली तर दाणे लहान व हलके राहतात. म्हणून इथे फवारणीचा निर्णय लगेच घ्यावा लागतो. प्रोपिकोनॅझोल किंवा हेक्झाकोनॅझोल यांसारखी आंतरप्रवाही बुरशीनाशके १ मिली प्रति लिटर पाणी या प्रमाणात वापरण्याची शिफारस या भागात परिचयाची आहे. डब्यावरच्या लेबलात पीक, रोग आणि काढणीआधी थांबायचे दिवस पाहून मगच फवारावे. फवारा वरच्या पानांवर फिरून उपयोग नाही, तो तळाच्या पानांपर्यंत पोहोचला पाहिजे. हेच चार फोटो सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, आर-६ ओलांडल्यावर आले असते, तर रोग तोच असूनही सल्ला वेगळा झाला असता : फवारणीचा खर्च आता वसूल होणार नाही, पुढच्या हंगामासाठी कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने दिलेल्या फुले संगम किंवा फुले किमया यांसारख्या तांबेऱ्याला सहनशील वाणांचा विचार करावा.

मोहरीची पाकळी आणि खोडकुज

महाराष्ट्रात मोहरीचे क्षेत्र थोडे. या पिकाचे फोटो पाहायचे तर राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशाकडे वळावे लागते. राजस्थानातील भरतपूरजवळ या पिकाची राष्ट्रीय संशोधन संस्थाही आहे. तिकडे डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात आणि ओलिताच्या शेतात जो रोग सर्वांत जास्त धास्ती देतो, तो म्हणजे खोडकुज. फुलोरा आणि रोग यांचा संबंध सोयाबीनपेक्षाही इथे अधिक जवळचा आहे.

स्क्लेरोटिनिया स्क्लेरोशियोरम ही त्याची बुरशी जमिनीत काळ्या, कठीण, वेड्यावाकड्या आकाराच्या दाण्यांच्या रूपात वर्षानुवर्षे पडून असते. पिकाची सावली दाट झाली आणि माती ओली राहिली की त्या दाण्यांतून काही मिलिमीटरचे, फिकट तपकिरी, पेल्याच्या आकाराचे अवयव वर येतात आणि हवेत बीजाणू सोडतात. हे बीजाणू धडधाकट हिरव्या खोडात सहसा थेट शिरत नाहीत. त्यांना आधी मेलेले किंवा मरू घातलेले अन्न लागते, आणि गळून पडणारी पिवळी पाकळी नेमके तेच पुरवते. बीजाणू पडलेली पाकळी गळते, पानाच्या बगलेत किंवा फांदीच्या बेचक्यात अडकते, ओली राहते, आणि तिच्यावर वाढलेली बुरशी तिथून खोडात शिरते.

हे लक्षात घेतले की फोटोतल्या खुणा आपोआप जागेवर बसतात. डाग बहुधा जमिनीपासून काही अंतर वर, फांदी फुटते तिथे सुरू होतो. आधी तो ओला, पाण्याने भिजल्यासारखा दिसतो, मग लांबट होत खोडाला वेढतो, त्यावर पांढऱ्या कापसासारखी बुरशी येते, आणि शेवटी खोड चुन्यासारखे पांढरे पडून त्याच्या धाग्यांच्या चिंध्या होतात. डागाच्या वरचा भाग अकाली पिवळा पडून वाळतो, त्यामुळे हिरव्या-पिवळ्या शेतात मधूनच पांढरट झाडे उठून दिसतात. निदान पक्के करायचे तर असे एक खोड उभे चिरून फोटो घ्यावा. आत पोकळीत काळे दाणे दिसले की दुसऱ्या पुराव्याची गरज राहत नाही.

पण हा पुरावा मिळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. पाकळ्या गळण्याच्या काळात लागण होते आणि पांढरे खोड त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ठळक दिसते. तोवर शेंगा भरू लागलेल्या असतात. म्हणून मोहरीत सर्वांत मोलाचा फोटो रोगाचा नसतो, फुलोऱ्याच्या सुरुवातीचा असतो. ज्या शेतात मागल्या हंगामात खोडकुज होती, माती ओली आहे आणि फुले नुकती उमलू लागली आहेत, तिथे रोग दिसण्याआधीच फवारणीचा विचार करावा लागतो.

फुलोरा किती झाला हे मोहरीच्या फोटोत नेहमी फुगवून दिसते. बांधावरून तिरक्या कोनात काढलेल्या फोटोत पुढच्या ओळींची फुले मागच्या ओळींच्या मोकळ्या जागा झाकतात आणि शंभरातली वीस फुले उमललेली असली तरी शेत पूर्ण पिवळे भासते. मोहरीचा तुरा खालून वर उमलतो. तेव्हा मुख्य खोडाचा एकच तुरा बाजूने, निळ्या आभाळासमोर किंवा पांढऱ्या कागदासमोर धरून फोटो घ्यावा. शेंड्याला कळ्यांचा घोस, त्याखाली उमललेली फुले, त्याखाली पाकळ्या गळून कोवळ्या शेंगा, अशी तीन पट्ट्यांची मांडणी दिसते. शेंगांचा पट्टा अजून नसेल आणि खालची थोडीच फुले उघडली असतील तर फुलोऱ्याची सुरुवात. निम्मी फुले उघडून खालच्या पाकळ्या गळू लागल्या असतील तर भर फुलोरा. कळ्या संपून वरपर्यंत शेंगा दिसू लागल्या की फुलोरा सरला. भर दुपारच्या उन्हात पिवळ्या रंगाचा उजेड इतका वाढतो की पाकळ्यांच्या कडा फोटोत विरघळून जातात, म्हणून सकाळची किंवा ढगाळ वेळ बरी.

मोहरीवर तांबेरा म्हणून जो फोटो येतो तो बहुतेक वेळा पांढऱ्या तांबेऱ्याचा असतो. पानाच्या खालच्या बाजूला एक-दोन मिलिमीटरचे, मलईच्या रंगाचे, चकचकीत फोड आणि त्यांच्याच जागी वरच्या बाजूला पिवळट ठिपके, ही त्याची खूण. तुऱ्यात रोग शिरला तर तो जाड होऊन वाकडातिकडा सुजतो आणि त्याला शेंगा धरत नाहीत. हा फोटो एकदा पाहिला की विसरता येत नाही. हा रोग करणारा अल्बुगो कॅन्डिडा हा जीव सोयाबीनच्या तांबेऱ्याच्या बुरशीपेक्षा अगदी निराळ्या कुळातला, केवड्याच्या जवळचा आहे. त्यामुळे सोयाबीनवर चालणारी प्रोपिकोनॅझोलसारखी औषधे इथे फारशी उपयोगी पडत नाहीत आणि मेटॅलॅक्झिलयुक्त औषधे सुचवली जातात. नावात तांबेरा आहे म्हणून औषधही तेच, असा तर्क करून पैसे वाया गेल्याची उदाहरणे नवीन नाहीत. भुरी रोगाशी मात्र त्याची गल्लत करू नये. भुरीत पांढरी पूड पानाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते, फोड नसतात, आणि ती बहुधा हंगामाच्या अखेरीला येते.

सूर्यफूल : पुढून आणि मागून

सूर्यफुलाची अवस्था ठरवणे तिघांत सोपे. लातूर, धाराशिव, सोलापूरकडे हे पीक एके काळी मोठ्या प्रमाणावर होते, आणि तिथल्या जुन्या शेतकऱ्याला फूल पाहून दिवस सांगता येतात. श्नायटर आणि मिलर यांच्या १९८१ सालच्या पद्धतीत कळी धरल्यापासून आर-१, कडेच्या पिवळ्या पाकळ्या दिसू लागल्या की आर-४ आणि तबकातली बारीक फुले उमलू लागली की आर-५ असे टप्पे आहेत. तबकातली फुले कडेकडून मध्याकडे, वलयावलयाने उमलतात. म्हणून तबकाचा किती भाग उमलला आहे त्यावरून आर-५ चे दशांश टप्पे पाडले आहेत. निम्मे तबक उमलले असेल तर ते आर-५.५. पूर्ण उमलून पाकळ्या मलूल झाल्या की आर-६.

त्यानंतरच्या अवस्था मात्र पुढून काढलेल्या फोटोत कळत नाहीत. आर-७ मध्ये तबकाची पाठ फिकट पिवळी होऊ लागते आणि आर-९ मध्ये भोवतालची हिरवी छदे पिवळी-तपकिरी होतात. तबकाची पाठ दिसली तरच हे सांगता येते. उमललेली फुले साधारण पूर्वेकडे तोंड करून स्थिर होतात, म्हणून शेताच्या पूर्वेच्या बांधावरून एक आणि पश्चिमेच्या बांधावरून एक असे दोन फोटो घेतले की दोन्ही बाजू आपोआप मिळतात.

सूर्यफुलावरचा तांबेरा, पक्सिनिया हेलियांथी, हा सोयाबीनच्या तांबेऱ्यापेक्षा फोटोत सहज पकडता येतो. फोड मोठे, दालचिनीच्या रंगाचे असतात आणि घासले की बोट तपकिरी होते. पानाच्या दोन्ही बाजूंना ते येऊ शकतात, तरी खालची बाजू पाहावीच. पुढे त्यांचा रंग काळपट होतो. खरिपात त्यांच्याशी गल्लत होते ती अल्टर्नेरिया करप्याची. करप्याचा डाग गडद तपकिरी, सपाट असतो, मोठा झाल्यावर त्यात एकात एक वलये दिसतात, डाग एकमेकांत मिसळून पान करपते, आणि कितीही घासले तरी पूड निघत नाही.

खोड चिरल्याशिवाय निदान नाही

खोडकुजीच्या बाबतीत एक गोष्ट तिन्ही पिकांना सारखी आहे : वाळलेल्या झाडाच्या बाहेरच्या फोटोवरून कारण सांगू नये. सोयाबीनमध्ये मलूल झाड म्हणजे खोडमाशी असू शकते, चक्रीभुंगा असू शकतो, किंवा कूज असू शकते. खोड उभे चिरल्यावर आत लालसर, नागमोडी भुयार दिसले तर खोडमाशी. देठावर किंवा खोडावर एकमेकींना समांतर अशा दोन गोल खाचा कुरतडलेल्या असतील तर चक्रीभुंगा. कुठलाही बोगदा नसेल आणि जमिनीलगतच्या खोडावर पांढरी, पंख्यासारखी पसरलेली बुरशी व मोहरीएवढे गोल, तपकिरी दाणे दिसत असतील, तर ती स्क्लेरोशियम रोल्फ्साय या बुरशीची मानकुज. साल खरवडल्यावर आतला भाग राखाडी आणि बारीक कोळशाची पूड शिंपडल्यासारखा दिसला, आणि फुलोऱ्यानंतर पावसाने ताण दिलेला असेल, तर मॅक्रोफोमिनाची कूज. हीच बुरशी सूर्यफुलात लागली तर खोडाचा गाभा आकसून त्याच्या चकत्या पडलेल्या दिसतात.

या ठिकाणी दाण्यांचा आकार फार उपयोगी पडतो. मोहरीच्या खोडकुजीचे दाणे काळे, वेडेवाकडे आणि बहुधा खोडाच्या आत असतात. मानकुजीचे गोल, तपकिरी आणि बाहेर, मातीच्या पातळीवर असतात. मॅक्रोफोमिनाचे तर डोळ्याला पूडच वाटावे इतके बारीक असतात. त्यामुळे नाण्याशेजारी ठेवून काढलेला दाण्यांचा एक फोटो, झाडाच्या पाच फोटोंपेक्षा जास्त उपयोगाचा. खरिपातल्या महाराष्ट्राच्या सोयाबीनमध्ये मोहरीवाली स्क्लेरोटिनिया खोडकुज सहसा आढळत नाही, कारण तिला थंड आणि ओली हवा लागते. त्यामुळे परदेशी छायाचित्रे शेजारी ठेवून इथल्या झाडावर तिचे नाव चिकटवण्याचा मोह टाळावा.

काही फोटोंवरून मात्र निर्णय होत नाही. पान अर्धे वाळले असेल, दोन रोग एकाच पानावर असतील, फवारणीचे डाग आणि रोगाचे डाग मिसळले असतील, किंवा पालाशाच्या कमतरतेने कडा पिवळ्या पडून वर करप्याचे ठिपके आलेले असतील, तर नमुनाच पाठवावा लागतो. रोग नुकता सुरू झालेली, वाळलेली नसलेली पाने घ्यावीत, ती कोरड्या वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये सपाट ठेवावीत, कारण बंद प्लॅस्टिकमध्ये प्रवासात दुसरीच बुरशी वाढते आणि मूळ रोग झाकला जातो. रोपटे पाठवायचे असेल तर मुळांसह, मातीचा थोडा गोळा तसाच ठेवून, मुळांकडचा भाग कागदात वेगळा गुंडाळावा. कागदावर पीक, वाण, पेरणीची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, शेवटची फवारणी कोणती व कधी, आणि त्या दिवशीची पिकाची अवस्था लिहावी, व ते पुडके त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात पोहोचते करावे.